एकाच रेघेनं खोडलेलं पुस्तक

भोरच्या बाजारपेठेत सुलक्षणाबाईंना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्या काय करतात हे ज्याला नीट सांगता येईल असाही माणूस नाही. कुणी म्हणतं, त्या पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं टायपिंग करतात. समोरच्या किराणावाल्याला खात्री आहे की त्या बोर्डाचे पेपर तपासतात, कारण वर्षभर पोस्टमन त्यांच्याकडे जाडजूड पाकिटं टाकत असतो. बाईही खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. खुलासा करायला गेलं तर लोक विचारणार, "म्हणजे नुसतं वाचायचं? आणि वाचायचं काम असतंय व्हय?"

तर काम असतं. पुण्यातल्या एका प्रकाशनाकडे जी हस्तलिखितं येतात, ती छापण्याच्या लायकीची आहेत की नाहीत ते बाई सांगतात. अठरा वर्षं सांगत आहेत. त्याआधी त्या भोरमधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. लग्नपत्रिका, जत्रेच्या स्मरणिका, दशक्रियेची पत्रकं, सगळं. एकदा त्यांनी या प्रकाशनाचं एक पुस्तक विकत घेतलं आणि त्यातल्या एक्केचाळीस चुकांची यादी करून मालकांना पाठवली. आठ दिवसांनी मालकांचं पोस्टकार्ड आलं. "चुका कळल्या. आता पुस्तक कसं वाटलं ते कळवा." बाईंनी चार पानं लिहून कळवलं. पाचव्या दिवशी पहिलं पाकीट आलं आणि मग ती रीघ थांबलीच नाही.

या कामाचा एक नियम आहे. कुणी परीक्षण केलं ते लेखकाला कळू द्यायचं नाही. त्यामुळे अठरा वर्षांत बाईंनी दोनशेच्या वर हस्तलिखितं वाचली आणि एकाही लेखकाचं तोंड पाहिलं नाही. त्यांच्या 'हो'मुळे कुणाचं पुस्तक झालं, 'नाही'मुळे कुणाची वर्षं वाया गेली, आणि त्या आपल्या भोरमध्ये मेथी निवडत बसल्या. याचं त्यांना वाईट वाटायचं. उगाच कशाला खोटं बोला, फार वाईट वाटायचं.

त्यांची वाचायची पद्धत ठरलेली होती. आधी पहिली तीस पानं, मग मधली तीस, मग शेवटची तीस. त्यानंतर सबंध हस्तलिखित पहिल्यापासून. हातात पेन्सिल असायची. वाचता वाचता जिथं खुर्चीतून उठावंसं वाटेल, तिथं समासात लिहायचं, 'उठले'. ज्या पुस्तकात 'उठले' कमी, ते पुस्तक बरं. प्राध्यापक लोकांना ही मोजपट्टी पटणार नाही, पण वाचकही खुर्चीतूनच उठतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

गेल्या भाद्रपदात पाकीट आलं ते दोनशे चाळीस पानांचं. 'जीवनचक्र : एक चिंतन'. लेखक गोरख, मूळचा हिर्डोशीचा, तीस वर्षं कापूरहोळच्या फाट्यावर पंचरचं दुकान. सोबत प्रकाशनाच्या संपादक वैष्णवीची चिठ्ठी होती, "काकू, दुसरं मत हवंय. शनिवारी पुढच्या वर्षाची यादी ठरायची आहे." वैष्णवी ही जुन्या मालकांची मुलगी. वडील थकल्यापासून कारभार तीच बघायची. पहिलं मत कुणाचं आणि काय, हे तिनं लिहिलं नव्हतं. ते तसं लिहायचंही नसतं, नाहीतर दुसरा वाचणारा आधीच एका बाजूला कलतो.

पंचरवाल्याचं पुस्तक म्हटल्यावर बाई खूश झाल्या. चहा घेऊन बसल्या आणि पहिलं वाक्य वाचलं.

"उषःकालाच्या सुवर्णकिरणांनी सह्याद्रीची उत्तुंग गिरिशिखरे न्हाऊन निघत असता, माझ्या जीवनरूपी शकटाचे चक्र नियतीने गतिमान केले."

बाई उठल्या. सहा पानांत चार वेळा उठल्या. पंचरच्या दुकानाचा कुठं पत्ता नव्हता. नियती होती, कर्तव्य होतं, श्रमदेवता होती, आणि हे सगळं बोलणारा माणूस आपल्या हयातीत टायरला हात लावेल असं काही वाटत नव्हतं.

मधली तीस पानं तर त्याहून वरताण निघाली. तिथं एकदम राजगडाचा इतिहास सुरू झाला. माच्या, बुरूज, दरवाजे. वाचता वाचता बाईंची पेन्सिल थांबली. पानाच्या तळाशी एक वाक्य होतं आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तेच वाक्य पुन्हा होतं, शब्दाला शब्द. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं! गडाच्या पायथ्याशी पर्यटकांना विकायची एक पुस्तिका वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच छापखान्यात झाली होती. मुद्रितं त्यांनीच तपासली होती, आणि हे दोनदा पडलेलं वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. छापखान्याचे मालक आठ दिवस बोलले नव्हते. म्हणजे या बहाद्दरानं पुस्तिका उचलली ती उचलली, वर बाईंची चूकही उचलली.

कपाट उपसून बाईंनी पुस्तिका शोधली आणि पानाला पान लावलं. तीन प्रकरणं जशीच्या तशी. उचललेला मजकूर म्हटल्यावर कुठल्याही प्रकाशनात पुढचं बोलणंच खुंटतं. भाषा सुधारता येते, बांधणी बदलता येते, पण लेखकावरचा विश्वास एकदा गेला की गेला. बाईंनी अभिप्रायाचा कागद ओढून शेवटचा रकाना भरायला घेतला, 'नाकारावे'. पण शेवटची तीस पानं राहिली होती, आणि नियम म्हणजे नियम. कंटाळून त्यांनी ती समोर घेतली.

"गाडी थांबली की मी आदी मानसाकडं बगतो. टायरचं भोक कुटं पळून जात न्हाई. मानूस घाबरलेला आसंल तर त्याला आदी पानी देतो, चिडलेला आसंल तर काय बी देत न्हाई."

बाई सावरून बसल्या. पुढं एका लग्नाच्या गाडीची गोष्ट होती. भर दुपारी वऱ्हाडाची गाडी पंचर झाली, नवरी दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून होती, आणि नवऱ्याची आई सारखी म्हणत होती की अपशकुन झाला, ह्या पोरीचा पायगुणच वाईट. गोरखनं टायरमधला खिळा उपसला, पुसला आणि नवरीच्या हातात दिला. "म्या म्हनलं, ह्यो ठिव पोरी. सासू काय बोलली तर दाव. म्हनावं खिळा तुमच्या गाडीत व्हता, माझ्या पायात न्हवता."

बाई एकट्याच मोठ्यानं हसल्या. गॅस सिलिंडरवाला बेल वाजवून, वाट बघून निघून गेला ते त्यांना कळलंच नाही. पानं संपली. समासात एकही 'उठले' नव्हतं.

हे दोन माणसांनी लिहिलंय, एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनी पानं उलटी चाळत नेली आणि सांधा सापडला. पान एकशे त्रेसष्टपर्यंत सुवर्णकिरणं, आणि एकशे चौसष्टपासून गोरख. त्या पानाच्या वर चक्क टीप होती, "इथनं पुडचं सरांनी तपासायचं राहिलं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. माफी आसावी."

त्यांनी वैष्णवीला फोन लावला. "मला हा लेखक भेटायला हवा. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. म्हणून विचारतेय."

वैष्णवी थोडी घुटमळली. "काकू, खरं सांगते. पहिला अभिप्राय आलाय, आपल्या प्राध्यापकांचा. एका ओळीत. 'तीन प्रकरणे उचललेली, लेखक विश्वासार्ह नाही, नाकारावे.' आणि ते बरोबरच म्हणतायत ना?"

"उचललेली आहेत हे बरोबर. कुणी उचलली ते बघून येते."

"जा मग. पण शनिवारपर्यंतच. यादी ठरली की माझ्याही हातात काही नाही, आणि एकदा चोरीचा शेरा पडलेला लेखक पुन्हा कुणी दारात उभा करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाई कापूरहोळला उतरल्या. फाट्यावर नेहमीचाच गोंधळ, ढाब्यांचे धूर, गाड्यांचे भोंगे. पत्र्याच्या दुकानावर पाटी होती, 'हवा भरून मिळेल'. छप्पन्नएक वर्षांचा एक रुंद माणूस ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधत होता. बाईंनी प्रकाशनाचं नाव सांगितलं मात्र, तो हात पुसत उभाच राहिला.

"शेवटचं लई घान झालंय ना, ताई? मला ठावं व्हतं. सरांचं ऑपरेशन निघालं आन तुमची तारीख आली. मी तसंच टायपिंगला दिलं."

"ते नंतर बोलू. ती गडाची प्रकरणं कुणी लिहिली?"

"ती माझी न्हाईत," गोरख सहज म्हणाला. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. "सरांनी घातली. पुस्तकाला वजन पायजे म्हनले."

"तुम्ही वाचली का?"

"वाचली की! लई झ्याक हायेत. मला कळली न्हाईत."

बाईंना हसू आवरेना. समोर लेखक उभा होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा, ऑइलनं काळ्या हातांचा, आणि आपल्या पुस्तकातला जो भाग अस्सल सोनं होता त्याचीच माफी मागत. त्याला चोर म्हणायला पुण्यात कागद तयार होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"तुमच्या हातच्या मूळ वह्या कुठं आहेत?"

"सरांकडंच. भोरला. तपासल्या तेवड्या वह्या लाल करून ठिवल्यात त्यांनी," गोरख अभिमानानं म्हणाला.

सर म्हणजे सोपान गुरुजी. वेल्ह्याच्या बाजूला आणि वरंधा घाटाकडच्या शाळांत आयुष्य काढून आता भोरला नीरेच्या अंगाला राहायचे. गोरखला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. बाई गेल्या तेव्हा गुरुजी काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. येण्याचं कारण ऐकलं आणि त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे मी पोराचं शुद्धलेखन केलं हा गुन्हा झाला? अहो, 'मानूस' काय, 'पानी' काय! पुण्याचे लोक त्याला हसले असते. चार महिने बसलो मी. डोळे गेले माझे त्यापायी!"

"आणि गडाची प्रकरणं?"

"इतिहास कुणाच्या मालकीचा असतो का?"

"इतिहास नसतो, गुरुजी. वाक्यं असतात," बाई म्हणाल्या. "ती ज्याची, त्याचं नाव नाही टाकलं तर गोरखला लोक चोर म्हणतील. म्हणतायत."

गुरुजी उठले. आतून वह्या घेऊन आले. टायर कंपनीच्या जुन्या डायऱ्या होत्या, अकरा. बाईंनी धास्तीनंच पहिली उघडली. सगळं गिरवून, खरडून टाकलं असेल तर संपलंच. एकशे त्रेसष्ट पानांचा गोरख पुन्हा कुठून आणायचा? तो स्वतः आता तसं लिहूच शकला नसता. आपली भाषा घाणेरडी आहे, हे त्याला पटवून झालं होतं.

पान लालेलाल होतं. पण प्रत्येक शब्दावर एकच आडवी रेघ, सरळ, बारीक. रेघेखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"गुरुजी, तुम्ही खोडताना एकच रेघ मारता?"

"मग? चूक गिरवून टाकली तर पोराला कळणार कशी, काय चुकलं ते? एकच रेघ. मी उभ्या नोकरीत शाईचा डाग पाडला नाही कुणाच्या वहीवर," गुरुजी ताठ बसून म्हणाले.

बाईंना वाटलं, उठून या माणसाच्या पाया पडावं. ज्यानं पुस्तक बुडवलं त्याच्याच शिस्तीनं ते वाचवलंही होतं. त्यांनी एक पान निवडलं. आधी गुरुजींचं शुद्ध रूप मोठ्यानं वाचलं, "मातृभूमीचा त्याग करिताना अंतःकरण विदीर्ण झाले." मग रेघेखालचं वाचलं, "हिर्डोशी सोडली तवा आई काय बोलली न्हाई. नाचणीची भाकर बांदून दिली आन म्हनली, दोन खा, एक परत आन. म्हंजे तुला परत यावं लागंल."

गुरुजींनी काळा चष्मा काढला. डोळे पुसले आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटल्याचं आठवून पुन्हा घातला.

"वाचा अजून," ते म्हणाले.

बाईंनी तासभर वाचलं. लग्नाच्या गाडीसारख्या आणखी तीन गोष्टी निघाल्या. एका ठिकाणी गुरुजी इतके हसले की शेजारीण डोकावून गेली. शेवटी ते म्हणाले, "चार महिने ह्या वह्या माझ्यापुढं होत्या, बाई. पण मी वाचल्याच नाहीत. मी नुसत्या तपासल्या."

मग त्यांनी स्वतःहून कागद मागितला. 'सदर तीन प्रकरणे मी, लेखकास न विचारता, छापील पुस्तिकेवरून उतरवून घातली आहेत. दोष सर्वस्वी माझा.' खाली सही आणि तारीख. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला हे लिहिताना किती जड गेलं असेल! पण अक्षर कुठं हललं नव्हतं.

पुढचे चार दिवस बाईंनी जेवणसुद्धा टेबलावरच केलं. वह्या सबंध वाचल्या आणि अभिप्राय लिहिला. कौतुकाच्या भरात वाहून जायचं नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं. खोट्या 'हो'नं लेखकाचं भलं होत नाही. आवाज अस्सल आहे, त्याला हात लावू नये, पण एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला आहे तो एका तऱ्हेनं घ्यावा. बांधणी कच्ची आहे. वर्षांच्या क्रमानं लिहिलंय, पण या पुस्तकात वर्षाला महत्त्व नाही, थांबलेल्या माणसांना आहे, तेव्हा लग्नाच्या गाडीनं सुरुवात करावी. दोन प्रकरणं एकच गोष्ट सांगतात, एक काढावं. गाव सोडण्याबद्दल लेखक एका पानात उरकतो, तिथं वाचकाला अजून हवंय, ते नव्यानं लिहून घ्यावं. गडाची प्रकरणं पूर्ण काढावीत. नाव बदलावं. आज पुस्तक वाचकांपुढं जाण्याजोगं नाही, सहा महिन्यांचं काम आहे. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सुधारणांसह स्वीकारावे'. आणि अठरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. त्या शब्दांखाली रेघ ओढली.

शनिवारी वैष्णवीनं त्यांना पुण्याला बैठकीलाच बोलावलं. टेबलाच्या एका टोकाला थकलेले मालक, दुसऱ्या टोकाला प्राध्यापक. प्राध्यापकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "बाई, चोरी ती चोरी. मी माझा शब्द बदलणार नाही."

बाईंनी आधी पुस्तिका ठेवली, मग गुरुजींचा कागद, मग डायऱ्या. कागद सगळ्यांनी वाचला. प्राध्यापक म्हणाले, "ठीक. लेखक चोर नाही. पण लेखक आहे का?"

"ऐका तर," बाई म्हणाल्या आणि लग्नाची गाडी वाचायला लागल्या. आवाज सुरुवातीला कापत होता, मग सापडला. खिळा नवरीच्या हातात आला तेव्हा मालक खोखो हसले आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. बाईंनी वही मिटली.

"मिटता काय?" प्राध्यापक पुढं सरकले. "त्या मुलीचं पुढं काय झालं?"

"सात वर्षांनी परत आली ती, फाट्यावर. अकराव्या डायरीत आहे."

प्राध्यापकांनी हात लांब करून अकरावी डायरी ओढून घेतली आणि भर बैठकीत वाचत बसले. दहा मिनिटं ते पानं उलटत राहिले. मग त्यांनी आपला एका ओळीचा अभिप्राय मागून घेतला आणि त्याच्यावर स्वतःच्या पेनानं लिहिलं, 'मागे घेत आहे. हे पुस्तक यादीत पहिलं असावं.' वैष्णवीनं टेबलाखाली बाईंचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

"काकू, पत्र आज काढते. पण पोस्टानं नाही पाठवायचं," ती म्हणाली. "तुमच्याच हातानं द्या. नियम मी बघते."

सोमवारी बाई कापूरहोळला उतरल्या तेव्हा गोरखच्या पुढ्यात टेम्पोचं चाक उघडं पडलं होतं आणि ड्रायव्हर घाई करत होता. गोरखनं ड्रायव्हरला बाकडं दाखवलं, हात दोनदा धुतले आणि उभ्यानंच पत्र वाचलं. 'आपल्या मूळ भाषेतच प्रसिद्ध करण्याचे ठरले आहे' इथं तो अडला. ती ओळ त्यानं पुन्हा वाचली.

"म्हंजे मी जे लिवलं, तेच?"

"तेच."

"'मानूस' आन 'पानी' सकट?"

"सकट. आणि गाव सोडल्याचं अजून लिहायचंय तुम्हाला. सहा महिने आहेत."

गोरखनं पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग त्यानं पहिला फोन लावला तो गुरुजींना. स्पीकर चालू केला, म्हणजे ताईंनाही ऐकू यावं. "सर, घेतलं त्यांनी. माझंच घेतलं. तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

पलीकडून भरल्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज फाट्यावरच्या भोंग्यांच्या वर चढला.

"गोरख! उभा रहा!"

तो उभाच होता. तरी छप्पन्न वर्षांच्या त्या गड्यानं पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले आणि मान ताठ केली. टेम्पोवाला बघतच राहिला.

"पैकीच्या पैकी!" गुरुजी ओरडले.